गृहकर्ज आधी फेडायचं की तेच पैसे फंडात घालायचे: एका ४० लाखांच्या कर्जाचं पूर्ण गणित

माझ्या मावसभावाने मागच्या दिवाळीत मोबाइल पुढे केला. कुणीतरी पाठवलेलं चित्र होतं: दरमहा १५ हजार कर्जात जास्त भरले तर व्याज वाचतं १४ लाख, आणि तेच १५ हजार १५ वर्षं एसआयपीत घातले तर होतात ७० लाख. खाली मोठ्या अक्षरांत 'बँकेला श्रीमंत करू नका'.

"दादा, यात चूक काय आहे ते सांग. कारण हे खरं असेल तर मी मूर्ख आहे," तो म्हणाला. तो दोन वर्षं नेमाने जादा रक्कम भरत होता.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, चूक आहे ती त्यांना शेजारी ठेवण्यात. १४ लाख म्हणजे वाचलेलं निव्वळ व्याज आणि ७० लाख म्हणजे भरलेल्या २७ लाख मुदलासकट झालेली सगळी रक्कम. शिवाय आधी फेडणाऱ्याचं कर्ज पावणेनऊ वर्षांत संपतं आणि पुढची सहा वर्षं त्याच्या हातात हप्त्यासकट सगळे पैसे मोकळे असतात. चित्रात त्या पैशांचा पत्ताच नाही. ते हिशेबात धरले की ५६ लाखांचा फरक कसा वितळतो ते पुढे पाहू. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील, म्हणून कोणत्या क्रमाने जायचं ते त्याच्याच कर्जावरून दाखवतो.

आधी पाहा, ही शिल्लक खरंच शिल्लक आहे का

इथे फार वेळ घालवत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि ते आधी फेडा. त्यांच्या व्याजापुढे कोणताही फंड टिकत नाही. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचे पैसे बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत हवेत. गृहकर्जात भरलेले पैसे गरजेच्या वेळी परत मागता येत नाहीत. नोकरी गेली त्या महिन्यात 'मी मागच्या वर्षी दोन लाख जास्त भरले होते' म्हणून बँक हप्ता माफ करत नाही.

हे सगळं करून भावाकडे दरमहा १५ हजार उरत होते. कर्जाची बाकी ४० लाख, दर ८.५ टक्के, उरलेली मुदत १५ वर्षं, म्हणजे १८० हप्ते. हप्ता ३९,३९० रुपये. घर राहतं आहे, आणि नवराबायको दोघंही कमावते, दोघंही नव्या करप्रणालीत.

कर्जाचा खरा दर काढा, आणि तो तसाच स्वीकारू नका

नेट बँकिंगमधून कर्जाचं विवरणपत्र उतरवून घ्या. त्यात तीन गोष्टी शोधा: आजचा दर, तो कशाला जोडलेला आहे, आणि उरलेले हप्ते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मानकाला जोडावी लागतात, आणि बहुतेकांनी ती रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडली आहेत. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक बँकेने त्यावर लावलेला जादा दर, म्हणजे स्प्रेड. रेपो २०२५ च्या सुरुवातीला ६.५० टक्के होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ वर आला. त्या आधाराने पाहिलं तर ८.५ टक्के भरणाऱ्याचा स्प्रेड सव्वातीन टक्के होतो, आणि तो नक्कीच जास्त आहे. कर्ज २०१९ च्या आधीचं असेल तर ते अजून बँकेने स्वतः ठरवलेल्या दरावर, म्हणजे एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर, रेंगाळत असण्याची शक्यता आहे. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर तिथे कंपनीचा स्वतःचा मानक दर असतो, तोही एकदा विचारून घ्या.

बँकेला लेखी अर्ज द्या: नव्या ग्राहकाला आज जो दर देता, तो मलाही द्या. त्यासाठी थोडं रूपांतर शुल्क लागतं. बँक ऐकत नसेल तर दुसऱ्या बँकेकडून कर्ज हस्तांतराची ऑफर घेऊन या. पुष्कळदा तो कागद दाखवला की पहिली बँक मवाळ होते.

भावाच्या कर्जाचा दर ८.५ वरून ७.७५ झाला आणि हप्ता ३९,३९० च ठेवला, तर उरलेले हप्ते १८० वरून १६६ होतात. एक रुपया जादा न भरता १४ हप्ते कमी. रुपयांत ते साडेपाच लाखांच्या वर जातं. पुढे फंड आणि फेड यांच्यात जो फरक निघणार आहे, त्याच्या तोडीचा हा आकडा आहे, आणि यात जोखीम काहीच नाही. लोक दहा संध्याकाळी एसआयपी कॅल्क्युलेटरवर घालवतात आणि हा अर्ज करायचा राहून जातो.

अर्ज मंजूर होईपर्यंत दर ८.५ च होता, आणि तुमच्यापैकी अनेकांचा दर याच पट्ट्यात असेल, म्हणून पुढचं गणित ८.५ नेच मांडतो.

एक बारकावा मात्र आत्ताच सांगायला हवा. कर्जाचा ८.५ टक्के हा वार्षिक दर बाराने भागून महिन्याच्या महिन्याला आकारला जातो. त्याचा वर्षाचा खरा दर ८.८४ टक्के होतो. फंडाचा परतावा मात्र वार्षिक चक्रवाढीने सांगतात. त्यामुळे तुलना करताना कर्जाच्या बाजूला ८.५ नाही, ८.८४ लिहायचं.

करसवलतीने कर्ज खरंच स्वस्त होतं का

'गृहकर्जाला टॅक्सचा फायदा आहे, ते फेडू नये' हे वाक्य ऑफिसात हमखास ऐकू येतं. ते कुणाला लागू आहे ते नीट पाहिलं पाहिजे.

नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट मिळत नाही. मुदलाचीही नाही. म्हणजे तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर विषय संपला, कर्जाचा दर पूर्ण ८.८४.

जुन्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट आहे. लोकांच्या तोंडी ती 'कलम २४' म्हणून आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे सीएशी बोलताना क्रमांकापेक्षा वजावटीचं नाव घ्या. इथे बहुतेकांची गल्लत होते. ४० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षीचं व्याज सुमारे ३.३५ लाख आहे. वजावट मिळणार २ लाखांचीच. वरच्या १.३५ लाख व्याजाला कुठलीही सवलत नाही. तुम्ही जादा रक्कम भरता तेव्हा कमी होतं ते हे वरचं, बिनसवलतीचं व्याज. म्हणजे जुन्या प्रणालीतही, कर्ज एकाच्याच नावावर असेल तर, जादा फेडीचा फायदा पूर्ण ८.८४ टक्केच आहे. वर्षाचं व्याज २ लाखांच्या खाली उतरेपर्यंत, म्हणजे या दराला बाकी साधारण साडेतेवीस लाख होईपर्यंत, सवलतीला धक्काच लागत नाही. महिन्याला १५ हजार जास्त भरले तर तिथे पोचायला साडेचार वर्षं लागतात.

चित्र उलटतं ते नवराबायको दोघं सहमालक आणि सहकर्जदार असतील, दोघं जुन्या प्रणालीत असतील आणि दोघंही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तेव्हा. दोघांची मिळून मर्यादा ४ लाख होते आणि सगळं ३.३५ लाख व्याज तिच्यात बसतं. सेससह कर ३१.२ टक्के धरला तर ८.५ चं कर्ज ५.८५ टक्क्यांना पडतं. अशा जोडप्याने घाईने कर्ज फेडण्यात मला अर्थ दिसत नाही. पण फक्त या वजावटीसाठी जुन्या प्रणालीत राहू नका. दोन्ही प्रणालींत एकूण कर किती येतो ते आधी पडताळा.

मुदलावरची सवलत, ती ८०सी ची दीड लाखांची, यात धरू नका. भविष्यनिर्वाह निधी आणि विम्यानेच ती बहुधा भरलेली असते.

घर भाड्याने दिलेलं असेल तर नियम वेगळे आहेत. तिथे नव्या प्रणालीतही व्याज भाड्यातून वजा होतं, मात्र त्यातून आलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. तेव्हा एवढंच पाहायचं की भाड्याच्या ७० टक्क्यांपेक्षा व्याज जास्त आहे का. जास्त असेल तर तो वरचा भाग तुम्हाला पूर्ण दराने पडतो आहे.

फंड म्हणजे कोणता फंड

कर्जरोख्यांत पैसे घालणाऱ्या डेट फंडाचा किंवा मुदत ठेवीचा विचार इथेच बाद करू. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, ठेवीच्या व्याजावरही तसाच. ७ टक्के मिळाले आणि ३१.२ टक्के कर गेला तर हातात ४.८ उरतात. ८.८४ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून ४.८ टक्क्यांवर पैसे ठेवायचे, तर त्याला आणीबाणीचा निधी हे एकच कारण चालेल. बाकी ठेवी मोडून कर्जात घाला.

स्पर्धा आहे ती शेअरांत पैसे घालणाऱ्या इक्विटी फंडाशी. २३ जुलै २०२४ पासून त्याचे कर असे: वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकलं तर आर्थिक वर्षातला पहिला १.२५ लाख नफा माफ, त्याहून वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. सेस धरून १३. एसआयपीतला प्रत्येक हप्ता स्वतंत्र खरेदी मानतात, त्यामुळे वर्ष पुरं झालं की नाही ते हप्त्यागणिक मोजतात. पहिल्या हप्त्याला दहा वर्षं झाली म्हणून गेल्या महिन्यातला हप्ता जुना होत नाही.

परतावा किती धरायचा हा खरा वादाचा मुद्दा. सांगणारे १२ सांगतात, जाहिरातीतला १५ ही मी ऐकला आहे. मी स्वतः १० वर गणित करतो आणि ८ व १२ वर तपासून पाहतो. फंडाच्या माहितीपत्रकातला 'गेल्या ३ वर्षांचा परतावा' घेऊ नका. बाजार वर असेल तेव्हा तो आकडा फुगलेला असतो. रोलिंग रिटर्न नावाचा आकडा पाहा, म्हणजे कुठल्याही महिन्यात सुरू केलेल्या प्रत्येक १० किंवा १५ वर्षांच्या तुकड्याचा परतावा. त्यातला सरासरीचा आकडा पाहून झाला की सगळ्यात वाईट तुकडाही पाहा.

दोन्ही वाटा एकाच दिवसापर्यंत चालवा

सगळ्या लेखाचा गाभा हाच आहे. दोन्ही वाटांवर दरमहा खिशातून जाणारी रक्कम सारखी हवी, आणि दोन्ही वाटा एकाच तारखेला मोजायला हव्यात. भावाच्या बाबतीत दरमहा ५४,३९० रुपये, १८० महिने.

पहिली वाट: १५ हजार कर्जात. कर्ज १०५ व्या महिन्यात संपतं, त्यानंतरचे ७५ महिने सगळेच्या सगळे ५४,३९० त्याच फंडात.

दुसरी वाट: ३९,३९० हप्ता आणि १५ हजार एसआयपी, दोन्ही १८० महिने.

शेवटच्या दिवशी दोन्हीकडे कर्ज शून्य आहे. मग फक्त फंडातली रक्कम मोजायची, कर वजा करून. एक्सेलमध्ये हे तीन ओळींत होतं:

```
=NPER(8.5%/12, -54390, 4000000)
=FV((1+10%)^(1/12)-1, 75, -54390)
=FV((1+10%)^(1/12)-1, 180, -15000)
```

पहिली ओळ १०४.२६ दाखवते, म्हणजे १०५ वा हप्ता अर्धवटच आहे. त्या महिन्यात उरलेले ४० हजारही फंडात जातात, ते मी खालच्या आकड्यांत धरले आहेत. दुसरी ओळ पहिल्या वाटेची रक्कम, तिसरी दुसऱ्या वाटेची. `10%` च्या जागी ८ आणि १२ घालून पाहा. आलेल्या रकमेतून भरलेले पैसे वजा केले की नफा, नफ्यातून १.२५ लाख वजा करून उरलेल्यावर १३ टक्के कर. निकाल असा आला:

| फंडाचा वार्षिक परतावा | आधी कर्जफेड (करानंतर) | एसआयपी (करानंतर) | फरक |
|---|---|---|---|
| ८ टक्के | ५१.५ लाख | ४७.७ लाख | फेड ३.८ लाखांनी पुढे |
| १० टक्के | ५४.५ लाख | ५५.७ लाख | एसआयपी १.२ लाखांनी पुढे |
| १२ टक्के | ५७.६ लाख | ६५.२ लाख | एसआयपी ७.६ लाखांनी पुढे |

चित्रातला ५६ लाखांचा फरक १२ टक्के धरूनही साडेसात लाखांवर आला, आणि तोही १५ वर्षांनंतरच्या रुपयांत. १० टक्क्यांना दोन्ही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. बरोबरीचा दर साधारण ९.६ टक्के निघतो: कर्जाचे ८.८४ आणि वर पाऊण टक्का कराचा. तुमच्या कर्जाचा दर ७.७५ असेल तर बरोबरी पावणेनऊच्या आसपास येते, आणि वर सांगितलेल्या जुन्या प्रणालीतल्या जोडप्यासाठी सहा-सात टक्क्यांच्या मध्ये.

म्हणजे प्रश्न आता 'फंड चांगला की फेड चांगली' असा राहत नाही. तो असा होतो: १५ वर्षं माझा फंड खर्च वजा जाता ९.६ टक्क्यांच्या वर राहील, यावर मी किती पैज लावायला तयार आहे?

तक्त्यात न दिसणाऱ्या दोन गोष्टी

तक्त्यातल्या कर्जफेडीच्या रकान्यातला मोठा भाग ठरलेला आहे. कर्ज १०५ व्या महिन्यात संपणार म्हणजे संपणार. दर वरखाली झाला तर तारीख थोडी सरकेल, एवढंच. एसआयपीच्या रकान्यातलं काहीच ठरलेलं नाही. निफ्टी जानेवारी २००८ मध्ये ६,३०० च्या आसपास होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात तो २,६०० च्या खाली गेला, आणि २०१३ चं वर्ष संपतानाही तो ६,३०० च्याच घरात होता. लाभांश वेगळा, पण निर्देशांक सहा वर्षं जागच्या जागी. एसआयपी करणाऱ्याने मधल्या पडझडीत स्वस्त युनिट घेतले, म्हणून त्याची अवस्था इतकी वाईट नव्हती. पण अशी सहा वर्षं तुमच्या १५ वर्षांच्या शेवटी आली तर? तेव्हा रक्कम मोठी झालेली असते, आणि नव्या हप्त्यांनी तिची सरासरी फारशी हलत नाही. मार्च २०२० मध्ये दोन महिन्यांत निफ्टी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पडला होता. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या किती जणांनी एसआयपी थांबवली ते मी पाहिलं आहे. त्यांच्या नशिबी १२ टक्के कधीच आले नाहीत.

दुसरी गोष्ट पहिल्या वाटेवाल्यांसाठी, आणि ती जास्त बोचरी आहे. तक्त्यातली पहिली वाट जिंकते किंवा बरोबरीत येते ती कर्ज संपल्यावर ५४,३९० रुपये दरमहा गुंतवले तर. प्रत्यक्षात काय होतं? कर्ज संपतं, पेढे वाटले जातात, आणि पुढच्या गणपतीच्या आत दारात नवी गाडी असते, कर्जावर. तसं होणार असेल तर पहिल्या वाटेच्या शेवटी फंडात शून्य आहे, आणि आठ टक्क्यांचा फंडसुद्धा तिला हरवतो. तुम्ही कोणत्या प्रकारचे आहात हे तुम्हाला गेल्या पगारवाढीवरून कळेल: वाढलेल्या पगारातून गुंतवणूक वाढली होती की खर्च?

'सुरुवातीलाच फेडा, नंतर उपयोग नाही' याचं काय

हप्त्याच्या तक्त्यात पहिल्या वर्षांत व्याज जास्त आणि शेवटी मुद्दल जास्त दिसतं, त्यावरून हा समज आला आहे. आज भरलेला एक लाख शेवटचे ३.५६ लाखांचे हप्ते पुसतो. बारा वर्षांनी, तीन वर्षं उरली असताना भरलेला एक लाख फक्त १.२९ लाखांचे हप्ते पुसतो. म्हणून लोक म्हणतात, आता काय फायदा.

पण दोन्ही वेळी रुपया ८.८४ टक्क्यांनीच काम करतो आहे, फक्त एकदा पंधरा वर्षं आणि एकदा तीन वर्षं. फंडातही तीन वर्षांत एक लाखाचे साडेतीन लाख होत नाहीत. उलट, माझ्या मते शेवटच्या वर्षांत फेडीकडे जास्त झुकावं. पंधरा वर्षं हातात असताना इक्विटीची चढउतार पचते. तीन वर्षांत ती पचेलच असं नाही, आणि समोर ८.८४ टक्के बिनजोखमीचे, बिनकराचे पडलेले असतात. सुरुवातीला एसआयपी आणि शेवटी फेड, हा प्रचलित सल्ल्याच्या नेमका उलटा क्रम मला पटतो. जुन्या प्रणालीत मात्र शेवटच्या वर्षांत व्याज २ लाखांच्या खाली असतं आणि सगळ्यावर सवलत मिळते, तेव्हा तिथे दर पुन्हा मोजून घ्या.

ठरवायचं कसं

माझी पट्टी अशी आहे. तुमच्या कर्जाचा बरोबरीचा दर काढा. फंडाकडून तुम्हाला प्रामाणिकपणे जितकी अपेक्षा आहे, ती त्याहून दोन टक्क्यांनी वर असेल तर एसआयपी. फरक एक टक्क्याच्या आत असेल तर फेड, कारण एवढ्यासाठी पंधरा वर्षं जोखीम घेणं परवडत नाही. मध्ये असाल तर पैसे वाटून घ्या आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. निवृत्तीला आठ-दहा वर्षं राहिली असतील आणि कर्ज त्यापलीकडे जात असेल, तर पट्टी बाजूला ठेवा आणि कर्ज निवृत्तीच्या आत बसवा.

काही बँका गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीने देतात. जादा पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली तर काढताही येतात. दर थोडा चढा असतो. ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे त्यांना हे सोयीचं पडतं. दुकानदाराला, शेतीमालाच्या व्यापाऱ्याला. नोकरदाराने चढा दर आणि सोय यांचा हिशेब करूनच घ्यावं.

फेड करायची ठरली तर

वैयक्तिक नावावरच्या, बदलत्या दराच्या गृहकर्जावर आधी फेडीचा दंड लावायला बँकांना २०१२ पासून मनाई आहे. कर्ज स्थिर दराचं असेल तर करारनामा काढून शुल्काचं कलम वाचा.

जादा रक्कम भरताना एका पर्यायावर नीट लक्ष द्या: ती 'मुद्दलात अंशतः फेड' म्हणून गेली पाहिजे. माझ्या स्वतःच्या कर्जात एकदा मी भरलेली रक्कम चार महिने आगाऊ हप्ता म्हणून खात्यात नुसती पडून होती. व्याज जुन्याच बाकीवर लागत राहिलं. पैसे भरल्यावर दोन दिवसांनी बाकी मुद्दल तेवढ्याने घटलं का ते पाहायचं, ही सवय मला तिथून लागली. काही ठिकाणी अंशतः फेडीला किमान रकमेची अट असते. तसं असेल तर तीन महिन्यांचे पैसे साठवून एकदम भरा. तेवढ्याने फारसं नुकसान होत नाही.

बँक विचारते, हप्ता कमी करायचा की मुदत. वरचं सगळं गणित हप्ता तोच ठेवून मुदत कमी करण्याचं आहे. दर कमी झाल्यावरही हाच प्रश्न येतो. नोकरीची शाश्वती नसेल तर हप्ता कमी करून घ्या आणि फरक स्वतःहून भरत राहा. संकटाच्या महिन्यात भरायची सक्ती तेवढी कमी राहते. दर वेळी नवं हप्त्यांचं वेळापत्रक मागून घ्या आणि त्यातली शेवटची तारीख `NPER` च्या उत्तराशी जुळवून पाहा.

कर्ज पूर्ण फिटलं की मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची आणि बोजा काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. महिन्याभराने क्रेडिट अहवालात खातं बंद दिसतं का तेही पाहा.

एसआयपी करायची ठरली तर

डायरेक्ट प्लॅन घ्या, ग्रोथ पर्याय घ्या. रेग्युलर प्लॅनमध्ये दलालीचा वाटा दरवर्षी जातो, आणि ज्या स्पर्धेचा निकाल एक-दोन टक्क्यांवर लागतो तिथे तो वाटा मोठा आहे. निर्देशांकाचा साधा फंड पुरतो. एसआयपीची तारीख पगारानंतरची, हप्त्याच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा.

करातली पाऊण टक्क्याची गळती थोडी कमी करता येते. दरवर्षी मार्चच्या आधी, वर्ष उलटून गेलेल्या युनिटांतला १.२५ लाखांपर्यंतचा नफा विकून लगेच पुन्हा तोच फंड घ्या. कर शून्य, आणि खरेदीची किंमत वर सरकते. नव्याने घेतलेल्या युनिटांचं वर्ष मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजलं जातं. आणि पंधरा वर्षांनी सगळं एकाच मार्चमध्ये विकू नका. ४० लाखांचा नफा पगारात मिळून उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर करावर १० टक्के अधिभार बसतो. दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून विका. शेवटची दोन-तीन वर्षं बाजार चांगला असेल तेव्हाच फंडातले पैसे काढून थेट उरलेलं कर्ज फेडून टाकता येतं का, हेही पाहत राहा. दोन्ही वाटा तिथे एकत्र येऊ शकतात.

भावाने आधी दराचा अर्ज टाकला. शुल्क भरल्यावर दर ७.७५ झाला, म्हणजे त्याची बरोबरी पावणेनऊवर आली. फंडाकडून त्याची अपेक्षा दहाची. फरक सव्वा टक्का, म्हणजे माझ्या पट्टीवर मधला. त्याने १० हजारांची एसआयपी सुरू केली आणि ५ हजार कर्जात ठेवले. "पण पाच हजार का? सगळेच फंडात का नाही?" मी विचारलं. म्हणाला, "दर महिन्याला बाकी कमी झालेली दिसते ना, ते बायकोला आवडतं."

दर एप्रिलमध्ये तो तीन आकडे बदलून तीच तीन ओळींची एक्सेल फाइल उघडणार आहे: कर्जाचा दर, उरलेले महिने, आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पानंतरचा कर.